गिरणीच्या कर्जाचं कव्हरिंग लेटर

सर, सिडकोत आईच्या नावावर पिठाची गिरणी आहे, नऊ वर्षं झाली. आता मिरची-मसाला दळायचं पल्व्हरायझर आणि भाजणीचं मशीन घ्यायचंय, ४ लाख कर्ज हवंय. बँक म्हणते फॉर्मसोबत कव्हरिंग लेटर जोडा, त्यात कर्ज कशासाठी, परतफेड कशातून आणि कागद कोणते ते लिहा. नेटवरचे नमुने इंग्रजीत आणि चार-चार पानांचे आहेत. मराठीत चालेल का? नेमकं काय लिहायचं?

मराठीत चालतं. नाशिकच्या शाखांत मी उभी हयात मराठी अर्ज घेतले. एवढंच करा, की तुमचे शाखाधिकारी परराज्यातले असतील तर आकडे इंग्रजी अंकांत घाला. म्हणजे त्यांना कुणाला वाचून दाखवायला बोलवावं लागत नाही. आणि चार पानं नकोत, एक पान पुरे.

हे पत्र कोण वाचतं ते आधी सांगतो, म्हणजे काय लिहायचं ते आपोआप सुटतं. मी बँकेत २६ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ कर्ज विभागात. अर्ज आला की अधिकाऱ्याला वरच्या साहेबांसाठी एक टिपण तयार करावं लागतं. अर्जदार कोण, पैसे कशाला, स्वतःचे किती घालणार, हप्ता कुठून येणार आणि हे सगळं कोणत्या कागदावर दिसतं, एवढंच त्यात असतं. तुमचं पत्र नीट असेल तर तो ते समोर ठेवून टिपण लिहितो आणि फाईल दोन दिवसांत वर जाते. नसेल तर त्याला तुमच्या गठ्ठ्यातून आकडे वेचत बसावं लागतं. मग तो काय करतो? फाईल खाली ठेवतो आणि जिचं काम सोपं आहे ती वर घेतो. मीही तेच करायचो.

म्हणून माझा नियम एकच. पत्रातला प्रत्येक आकडा मागे जोडलेल्या कुठल्यातरी कागदावर सापडला पाहिजे, आणि तो कुठल्या पानावर आहे ते आकड्याशेजारी कंसात लिहिलेलं पाहिजे. जो आकडा कागदावर नाही, तो पत्रात नको. 'दरमहा भरपूर उलाढाल', 'परिसरात मोठी मागणी' ही वाक्यं काढून टाका, ती टिपणात उतरत नाहीत.

तुम्ही पाठवलेल्या कागदांचेच आकडे थोडे गोल करून पुढे वापरतोय.

पहिला घोळ अर्जदाराचा आहे. गिरणी आईची, शॉप ॲक्टची पावती आईच्या नावावर, उद्यम नोंदणी आईची, रिटर्नही त्यांचंच. पण काउंटरवर लावलेला क्यूआर कोड तुमच्या बचत खात्याचा! हे नाशकात घरोघरी आहे. आईला फोन वापरायला जमत नाही म्हणून मुलाचा कोड लावला जातो. बँकेच्या डोळ्यांनी बघा: आईच्या खात्यात वर्षभरात फक्त १,४४,००० जमा दिसतात आणि रिटर्नमध्ये उलाढाल ६,१०,००० आहे. उरलेला धंदा कुठे गेला? अधिकाऱ्याला वाटणार, कर्जासाठी रिटर्न फुगवलंय.

यावर दोन गोष्टी करा. आजच आईच्या नावानं, गिरणीच्या नावाचं चालू खातं काढून कोड त्या खात्याला जोडा. आणि मागच्या वर्षाचं तुमचं खातंही जोडा, त्यातल्या गिरणीच्या जमा रकमांवर पेन्सिलीनं खूण करा. तुमच्या खात्यात कोडवरून आलेले ३,७२,००० आणि आईच्या खात्यातले १,४४,००० मिळून ५,१६,००० होतात. रिटर्नपेक्षा ९४,००० कमी. ते मदतनिसाच्या पगारात आणि किरकोळ दुरुस्तीत रोखीनं गेले, असं तुम्ही सांगितलंत. मग तसंच लिहा, एका ओळीत. हे जुळवताना दोन्हीकडे तेच आर्थिक वर्ष घ्या, एप्रिल ते मार्च. रिटर्न मार्चपर्यंतचं आणि खातेउतारा ऑगस्टपर्यंतचा घेतला की बेरीज कधीच बसत नाही आणि माणूस उगाच खोटा ठरतो.

उलटं असतं, म्हणजे खात्यात जमा जास्त आणि रिटर्नमध्ये उलाढाल कमी, तर पत्रात कितीही सफाई दिली तरी भागत नाही. तेव्हा आधी कर सल्लागाराकडे जाऊन रिटर्न दुरुस्त करायचं, मग बँक. तुमच्याकडे तसं नाही, ते बरं आहे.

अर्जदार आईच राहतील, सही त्यांचीच. तुम्ही सहअर्जदार व्हा. तुमच्या खात्यातले पैसे दाखवायचे असतील तर तुमचं नाव कर्जात असणं बँकेला हवंच असतं.

आता रक्कम. तुम्ही ४ लाख म्हणताय, पण ४ लाख कशाचे? तुमची कोटेशन मांडून बघितली. पल्व्हरायझर मोटर, स्टार्टर आणि धुळीच्या पिशवीसकट २,३६,०००. भाजणीचं गॅसवरचं मशीन १,१८,०००. वायरिंग, मेन स्विच आणि वीजभार वाढवण्याचा खर्च ४६,०००. इथपर्यंत ४ लाख होतात, तुम्ही तिथंच थांबलात. पण मशीनखालचा ओटा, एक्झॉस्ट आणि भिंतीला टाईल्स यांचे २५,००० तुमच्या मिस्त्रीनं वेगळ्या कागदावर लिहून दिलेत. प्रकल्पाचा खर्च म्हणजे हे सगळं मिळून ४,२५,०००. मिरची दळताना धूळ बाहेर जायला वाट नसेल तर शेजारचे दुकानदार आठवड्यात भांडायला येतील, त्यामुळे एक्झॉस्ट काही हौस नाही.

पूर्ण खर्चाचं कर्ज मागू नका. बँकेला अर्जदाराचे स्वतःचे पैसे आत गेलेले हवे असतात. साधारण १५ ते २५ टक्के धरा. तुम्ही २० टक्के दाखवा, म्हणजे ८५,०००, आणि कर्ज ३,४०,००० मागा. ते ८५,००० कुठे आहेत तेही लिहायचं. आईच्या बचत खात्यात ९१,००० आहेत, त्या उताऱ्याचं पान द्या. 'स्वतःची गुंतवणूक घालू' असं लिहिलं की पुढचा प्रश्न येतोच: कुठून? नातेवाइकाकडून उसने आणणार असाल तर ते दुसरं कर्जच झालं.

जीएसटीबद्दल एक ओळ टाका. आईची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या खूप खाली आहे, त्यामुळे जीएसटी क्रमांक नाही, आणि म्हणून मशीनवरचा जीएसटी परत मिळणार नाही, तो खर्चातच धरलाय. हे वाचलं की अधिकारी 'जीएसटी रिटर्न जोडले नाहीत' म्हणून फाईल परत करत नाही. ज्यांची नोंदणी आहे त्यांचं याच्या उलट होतं. त्यांना मशीनवरच्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणून बऱ्याच शाखा ती रक्कम कर्जात धरत नाहीत.

३,४०,००० ही रक्कम मुद्रा योजनेच्या किशोर गटात बसते, ५०,००० च्या वर ते ५ लाखांपर्यंत. तसं स्पष्ट लिहा. आणि आपणहून तारण देऊ करू नका. 'गरज पडल्यास राहतं घर तारण देऊ' हे वाक्य मी शेकडो पत्रांत वाचलंय. लोकांना वाटतं त्यानं वजन वाढतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या एवढ्या लहान कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना आदेश आहे. कुणी मागत नसताना घर पुढे का करायचं?

परतफेड हा पत्राचा जीव आहे, इथे घाई नको. ३,४०,००० चं कर्ज, ६० महिने, व्याज ११ टक्के धरलं तर हप्ता ७,४०० च्या आसपास बसतो, वर्षाला साधारण ८८,७००. व्याजाचा खरा दर शाखा सांगेल, आकडा थोडा हलेल. प्रश्न असा आहे की हे ८८,७०० नव्या मशीनमधून निघतात का.

तुमच्या मूळ कच्च्या मसुद्यात होतं, 'दररोज १०० किलो मिरची दळली जाईल.' बारा महिने रोज १०० किलो? मार्च ते मे घराघरात वर्षाचं तिखट-मसाला होतो तेव्हा रांग लागते, पावसाळ्यात कुणी मिरची वाळवून आणत नाही. हे अधिकाऱ्यालाही माहीत असतं, त्याच्याही घरी मसाला होतो. म्हणून वर्षाचे दोन भाग करा. हंगामाचे तीन महिने, महिन्याला २५ दिवस, दिवसाला ४० किलो, म्हणजे ३,००० किलो. उरलेले नऊ महिने दिवसाला १० किलो, म्हणजे २,२५० किलो. तुमच्या भागात ४० रुपये किलोचा दर आहे म्हणालात. ५,२५० किलोचे २,१०,००० रुपये झाले.

आता खर्च. १० एचपीची मोटर पूर्ण भारावर तासाला साडेसात युनिट खाते. बारीक तिखट तासाला २५ किलो धरलं तर वर्षाला २१० तास, सुमारे १,५७५ युनिट, १० रुपयांनी १६,००० रुपये. भाजणीचा गॅस १२,०००. हंगामात एक जादा बाई तीन महिने, ९,००० प्रमाणे २७,०००. जाळ्या, हॅमर, बेअरिंग आणि दुरुस्ती १०,०००. एकूण ६५,०००. हाती राहतात १,४५,०००, आणि वर्षाचे हप्ते ८८,७००. म्हणजे हप्त्याच्या १.६ पट. बँका साधारण दीडपट बघतात, आपण त्याच्या थोडे वर आहोत आणि आकडा फुगवलेलाही नाही.

हा हिशेब महिन्यांत मोडला की एक गोष्ट दिसते जी वर्षाच्या बेरजेत दडून राहते. १,४५,००० पैकी जवळपास अर्धे त्या तीन महिन्यांतच येतात. बाकीचे नऊ महिने दरमहा ७,९०० च्या आसपास सुटतात आणि हप्ता ७,४००. म्हणजे जूननंतर गाडी अगदी काठावरून चालते. एखादा पाऊस लांबला, मोटर जळली, की गेला हप्ता. हे लपवायचं नाही, उलट लिहायचं, आणि त्याला लागूनच दुसरा आधार द्यायचा: चालू गिरणीचा नफा, रिटर्नप्रमाणे २,४८,०००. धंदा अंदाजाच्या निम्मा झाला असं समजा. उत्पन्न १,०५,०००, खर्च कमी होऊन ४५,०००, हाती ६०,०००. हप्त्याला २८,७०० कमी पडतात, ते जुन्या गिरणीतून जातील. अधिकारी स्वतः हा 'निम्मा झाला तर' हिशेब मनात करतच असतो. तुम्ही आधीच करून दिलात तर त्याला तुमच्याबद्दल भरवसा वाटतो.

यातूनच वेळेचा मुद्दा निघतो. पैसे जानेवारी-फेब्रुवारीत मिळाले तर मशीन बसून पहिले हप्ते मार्च-एप्रिलच्या कमाईतून जातात. मे महिन्यात मिळाले तर पहिला हंगाम नऊ-दहा महिने लांब. तुमचा अर्ज आता चाललाय, म्हणून पत्रात हप्ते सुरू व्हायला तीन महिन्यांची सवड मागा आणि कारण लिहा: वीजभार वाढून मशीन चालू व्हायला लागणारा वेळ. सवडीतही व्याज चढतंच, म्हणून सहा-सहा महिने मागत बसू नका.

४० किलो कशावरून, हे अधिकारी विचारणारच. तुमच्या आईंनी मागच्या एप्रिलमध्ये कुणाकुणाला 'आमच्याकडे मिरचीचं मशीन नाही' म्हणून परत पाठवलं त्याची वही ठेवलीय, हे तुम्ही सहज जाता जाता सांगितलंत. अहो, तो तुमच्या फाईलमधला सर्वांत भारी कागद आहे. तारीख, नाव, किती किलो, असं निळ्या शाईनं महिनाभर लिहिलेलं. मधे एका पानावर हळदीचा डाग आहे, राहू द्या. मी बेरीज केली, २६ दिवसांत १,१७० किलो, म्हणजे दिवसाला ४५. त्यावरून आपण ४० धरले. ही पानं झेरॉक्स करून जोडा आणि मूळ वही दाखवायला जवळ ठेवा.

विजेच्या बिलाबद्दल थोडं सांगतो, कारण लोक ते पत्ता दाखवायला जोडतात आणि अधिकारी ते धंदा मोजायला वाचतो. तुमचं बिल महिन्याला ८५० ते ९०० युनिटचं आहे. १० एचपीची चक्की पूर्ण भाराच्या जरा खाली रोज पाच तास, २५ दिवस चालली तर इतकंच येतं. पाच तासांत सुमारे ३४० किलो दळण, ६ रुपयांनी २,०४० रुपये रोजचे, वर्षाच्या ३०० दिवसांचे ६,१२,०००. रिटर्नमध्ये ६,१०,००० आहेत. बसलं की नाही! एकदा एका गिरणीवाल्यानं मला वर्षाची १४ लाख उलाढाल लिहून आणली होती आणि बिल होतं १६० युनिटचं. मी काही बोललो नाही, फक्त बिल त्याच्यासमोर सरकवलं. म्हणून बारा महिन्यांची बिलं द्या, एकच नको.

जुनी कर्जं सांगून टाका. तुमच्या दुचाकीचा हप्ता ३,२०० आहे, १४ महिने उरलेत. आणि तुमच्या सिबिल अहवालात मोबाइलच्या हप्त्याचे २,३०० थकीत दिसताहेत, ते तुम्ही भरलेत पण नोंद बदललेली नाही. अधिकारी अहवाल पाच मिनिटांत काढतो. त्याला आधी तिथे दिसलं आणि पत्रात नसलं तर बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही शंका येते. भरल्याची पावती आणि नो ड्यूज जोडा.

आता पत्र. नावं आणि तारखा तुम्ही भरा.

---

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
________ बँक, ________ शाखा, नाशिक

विषय: चालू पीठ गिरणीत मिरची-मसाला यंत्रसामग्री बसवण्यासाठी ३,४०,००० रुपयांचे मुदत कर्ज (मुद्रा, किशोर गट) मिळणेबाबत.

महोदय,

मी, श्रीमती ________, गेली नऊ वर्षे सिडको, नाशिक येथे भाड्याच्या गाळ्यात पीठ गिरणी चालवते (पान १ ते ६). आर्थिक वर्ष ________ मध्ये गिरणीची उलाढाल ६,१०,००० रुपये आणि नफा २,४८,००० रुपये होता (पान ७ ते १४). यांपैकी १,४४,००० रुपये माझ्या खात्यात व ३,७२,००० रुपये माझा मुलगा व सहअर्जदार श्री. ________ यांच्या खात्यात क्यूआर कोडद्वारे जमा झाले (पान १५ ते ३०, नोंदींवर खूण केली आहे). उरलेले ९४,००० रुपये मदतनिसाचा पगार व दुरुस्तीसाठी रोखीने खर्च झाले. दिनांक ________ पासून क्यूआर कोड गिरणीच्या चालू खात्यास जोडला आहे. उलाढाल मर्यादेपेक्षा कमी असल्याने जीएसटी नोंदणी नाही.

कर्जाचा उद्देश: पल्व्हरायझर २,३६,०००, भाजणी यंत्र १,१८,०००, वीजजोडणीचे काम ४६,०००, ओटा व एक्झॉस्ट २५,०००, एकूण ४,२५,००० रुपये, जीएसटीसह (पान ३१ ते ३५). माझा स्वतःचा हिस्सा ८५,००० रुपये बचत खात्यात शिल्लक आहे (पान ३६). उर्वरित ३,४०,००० रुपयांचे कर्ज ६० महिन्यांसाठी, हप्ते सुरू होण्यास ३ महिन्यांच्या सवलतीसह मिळावे. वीजभार वाढून यंत्र सुरू होण्यास हा अवधी लागेल.

परतफेड: नव्या यंत्रांतून खर्च वजा जाता वर्षाला सुमारे १,४५,००० रुपये अपेक्षित आहेत. अंदाज गेल्या हंगामात परत गेलेल्या ग्राहकांच्या नोंदवहीवरून काढला आहे (पान ३७ ते ४२). वार्षिक हप्ते सुमारे ८८,७०० रुपये होतील. हंगाम मार्च ते मे असून इतर महिन्यांत उत्पन्न कमी असते. काम अंदाजाच्या निम्मे झाले तरी उरलेली रक्कम चालू गिरणीच्या नफ्यातून भरता येईल. हप्ता गिरणीच्या चालू खात्यातून परस्पर वळता करावा.

अन्य कर्जे: माझ्या नावे नाहीत. सहअर्जदाराचे दुचाकी कर्ज, हप्ता ३,२०० रुपये, १४ महिने बाकी. मोबाइल कर्जाची थकबाकी २,३०० रुपये भरली असून ना-देय दाखला जोडला आहे (पान ४३ ते ४५).

सोबत ६० पानांची कागदपत्रे, यादी मागील बाजूस.

आपली विश्वासू,
(सही) ________ अर्जदार
(सही) ________ सहअर्जदार
दिनांक, मोबाइल क्रमांक

---

'बेरोजगारीवर मात', 'स्वावलंबी भारत', वडील गेल्यानंतर आईनं कसे दिवस काढले, हे यात नाही, आणि ते मुद्दाम नाही. ते खरं आहे, पण ते ऐकण्याची जागा समोरासमोरच्या बोलण्यात आहे.

यादी मागच्या बाजूला, पत्रात ज्या क्रमानं पानं आली त्याच क्रमानं. आधी सगळे कागद लावा, मग वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं १ पासून नंबर टाका, आणि पत्रातले पानांचे आकडे सर्वांत शेवटी भरा. लोक आधी पत्र टाइप करतात, मग दोन कागद मधे घुसतात आणि सगळे नंबर सरकतात.

पान १ ते ६ मध्ये शॉप ॲक्टची पावती, उद्यम प्रमाणपत्र, अन्न परवान्याची नोंदणी आणि भाडेकरार. तुमच्यासारखी थोडीच माणसं कामाला असतील तर महाराष्ट्रात शॉप ॲक्टचं प्रमाणपत्र मिळत नाही, ऑनलाइन सूचना दिल्याची पावती मिळते. एखादा नवा अधिकारी 'लायसन्स कुठाय' विचारेल, तेव्हा हे सांगा. अन्न नोंदणीत मसाला हा प्रकार आहे का ते बघा. नसेल तर आताच जोडून घ्या. भाडेकरार ११ महिन्यांचा आणि कर्ज पाच वर्षांचं, हे अधिकाऱ्याला खुपतं. गाळामालकाकडून एक ना-हरकत घ्या, त्यात करार पुढे वाढवण्याची तयारी आणि मोटर व ओटा बसवायला हरकत नाही, ही दोन्ही वाक्यं हवीत.

कोटेशनकडे जरा नीट बघा, पैसे बँक तुमच्या हातात देत नाही, थेट मशीनवाल्याच्या खात्यात पाठवते. म्हणून कोटेशनवर आईचं आणि गिरणीचं नाव, तारीख, किती दिवस लागू, विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक आणि बँक खातं पाहिजे. तुमच्या पल्व्हरायझरच्या कोटेशनवर तुमचं नाव आहे, आईचं नाही! मी नोकरीत असताना एका माणसाचं कर्ज मंजूर होऊन तीन आठवडे अडलं, कारण कोटेशन भावाच्या नावावर आणि मशीनवाला गावाला गेलेला. आज फोन करून बदलून घ्या. बयाणा द्यायचाच असेल तर आईच्या खात्यातून द्या, रोख नको. खात्यातून दिलेला बयाणा तुमच्या ८५,००० मध्ये धरता येतो, रोखीचा सिद्ध करता येत नाही.

पान ४६ ते ६० मध्ये बारा महिन्यांची वीजबिलं, महावितरणकडे भार वाढवायला केलेल्या अर्जाची पोच आणि दोघांचं आधार-पॅन. एक १० एचपीची चक्की असताना त्याच मंजूर भारावर दुसरी तेवढीच मोटर चालणार नाही, हे तांत्रिक माणसाला लगेच कळतं. पोच नसेल तर मशीन येऊन धूळ खात पडेल, ही शंका रास्तच आहे. आधारची प्रत पहिले आठ अंक झाकलेली डाउनलोड होते, ती द्या. प्रत्येक झेरॉक्सवर आईंची सही आणि 'मूळ प्रतीबरहुकूम' लिहा.

सबसिडीचा उल्लेख परतफेडीत मुळीच नको. ती मिळाली तरी उशिरा आणि कर्जखात्यात येते, त्यातून पुढच्या महिन्याचा हप्ता जात नाही. त्या योजनांचा अर्ज स्वतंत्र करायचा.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक देऊन दुसरीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच देणं बँकेवर बंधनकारक आहे. 'साहेब नाहीत, ठेवून जा' म्हणाले तर ठेवू नका, दुपारनंतर परत जा. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर, कागद पूर्ण असतील तर, १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो दिवस शिक्क्यापासून मोजता येतो, शिक्का नसेल तर काय मोजणार?

त्या दरम्यान अधिकारी गिरणीवर येतील, बहुतेक न सांगता. तेव्हा बोलायचं काम आईंचं. तुम्ही पत्र लिहिलं असलं तरी ४० किलो, ७,४०० चा हप्ता आणि ८५,००० कुठे आहेत, हे तीन आकडे त्यांना तोंडपाठ हवेत. आणि काउंटरवरचा कोड नवा असू दे, जुना फाडून टाका. पत्रात एक आणि भिंतीवर दुसरा कोड दिसला तर वरचं सगळं परत पहिल्यापासून समजावत बसावं लागेल.